हजहून परतणाऱ्या नातलगांना अरबी आणि उर्दूत काय म्हणावे, आणि त्यांच्या उत्तरावर आपण काय म्हणावे?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार आणि सलाम. माझे माहेर चिपळूणकडचे आहे. घरात आम्ही कोकणी मुसलमानांची बोली बोलतो आणि माझी शाळा मराठी माध्यमाची होती. सासर मात्र मूळचे हैदराबादचे असल्याने तिथे अस्सल उर्दू चालते. माझे सासू-सासरे या वर्षी हजला गेले असून पुढच्या आठवड्यात मुंबईला उतरतील. त्यांच्याबरोबर सासूबाईंच्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे खालू, हेही आहेत. विमानतळावर त्यांना घ्यायला मी आणि माझे पती जाणार आहोत.

दुसरी गोष्ट अशी, की माझ्या नणंदेचे यजमान कैरोचे आहेत आणि त्यांच्या आईनेही याच वर्षी हज केला आहे. त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायचे आहे. त्यांना उर्दू येत नाही आणि मला कुराण वाचण्यापुरतेच अरबी येते, बोलता येत नाही. माहेरी आम्ही "अल्ला तुमचा हज कबूल करो" एवढेच म्हणतो आणि समोरचे "आमीन" म्हणतात. दोन्हीकडे रीतीला धरून काय बोलले जाते, समोरून काय उत्तर येते आणि त्यावर पुन्हा काही म्हणायचे असते का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

सरळरेघ

ताई, अरबीत अगदी सोपे आहे. "हज मबरूक" म्हणायचे आणि समोरचे "शुक्रन" म्हणतात. ही हदीसमधली शुभेच्छा आहे, त्यामुळे ती सगळ्या मुस्लिम देशांत एकसारखीच चालते. उर्दूत तिचेच "हज मुबारक" झाले आहे.

पायवाट

आमच्या गावात पंढरीची वारी करून आलेल्या माणसाच्या वाटेत थांबून पाया पडण्याची रीत आहे. वयाने मोठी माणसेसुद्धा लहान वारकऱ्याच्या पाया पडतात. हाजींच्या बाबतीतही असे काही करतात का? आमच्या शेजारचे काका येत्या महिन्यात हजला निघणार आहेत, त्यांना निरोप देताना काय म्हणावे हेही सांगितलेत तर बरे होईल.

जुनी_वही

मी बरीच वर्षे महाविद्यालयात अरबी शिकवले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आधी सरळरेघ यांच्या उत्तराबद्दल. "मबरूक" हा शब्द अरबीत आहे आणि तो अभिनंदनासाठी सर्रास वापरतात. लग्न, बाळ, नोकरी, नवे घर, कशालाही तो चालतो आणि त्याचे उत्तर "अल्लाह यबारिक फ़ीक" असे येते. हजसाठी रूढ असलेला शब्द मात्र "मबरूर" आहे. शेवटच्या एका अक्षराचाच फरक असल्यामुळे उर्दू बोलणाऱ्यांकडून आणि नव्याने अरबी शिकणाऱ्यांकडून ही गल्लत वरचेवर होते. कोणी रागावत नाही, पण ऐकणाऱ्याच्या कानाला ते लगेच खटकते.

पूर्ण वाक्य असे आहे: "हज्ज मबरूर, व सई मश्कूर, व ज़ंब मग़फ़ूर." म्हणजे हज स्वीकारला जावो, धडपडीचे चीज होवो, पापांना क्षमा मिळो. काही जण पुढे "व तिजारा लन तबूर" असेही जोडतात, म्हणजे कधी बुडणार नाही असा व्यापार लाभो. हे शेवटचे शब्द कुराणातल्या सूरह फ़ातिरच्या 29व्या आयतीतून आलेले आहेत. छापील शुभेच्छापत्रांवर तुम्हाला "हज्जन मबरूरन, व सअयन मश्कूरन" असे रूप दिसेल. ते चूक नाही. तिथे "अल्लाह हे असे करो" हे क्रियापद गाळलेले असते, म्हणून शब्दांचे रूप बदलते. बोलताना मात्र शेवटचे "न" सोडून देतात, आणि तुम्हीही तसेच बोलावे.

हे सारे प्रार्थनेच्या रूपात आहे, आणि ताईंनी विचारलेल्या उत्तर-प्रत्युत्तराचे गमक तिथेच आहे. हज स्वीकारला गेला की नाही हे माणसाला ठाऊक नसते, म्हणून "तुमचा हज कबूल झाला" असे कोणी सांगत नाही, "कबूल होवो" असे म्हणतात. प्रार्थनेला उत्तर म्हणून केवळ आभार मानले तर ते अपुरे वाटते. "आमीन" म्हणून उलट एक प्रार्थना द्यायची, ही अरबीतली आणि उर्दूतलीही रीत आहे.

हदीसबद्दल सांगायचे तर "मबरूर" हा शब्द हदीसमध्ये नक्की आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत "मबरूर हजला जन्नतखेरीज दुसरा मोबदला नाही" अशा अर्थाची हदीस आहे. पण वर दिलेले तीन भागांचे वाक्य परतलेल्या हाजीला शुभेच्छा म्हणून शिकवलेले नाही. ते लोकांत रुळत गेलेले आहे.

सरळरेघ

मबरूर आणि मबरूक यांत माझा घोळ झाला होता हे मान्य करतो. परंतु हाजींचे स्वागत करण्याबद्दल हदीस आहे, असे आमच्या मशिदीतल्या इमामसाहेबांकडून मी ऐकले आहे. घरात शिरण्याआधी हाजींना भेटून त्यांच्याकडून दुआ मागावी, असे ते सांगत होते.

जुनी_वही

तुम्ही ऐकले ते बरोबर आहे. मुसनद अहमदमध्ये इब्न उमर यांच्याकडून तशी रिवायत आहे: हाजी भेटला तर त्याला सलाम करा, त्याच्याशी मुसाफ़हा, म्हणजे हस्तांदोलन, करा आणि तो घरात शिरण्याआधी त्याला तुमच्यासाठी मग़फ़िरतची दुआ करायला सांगा. हदीसशास्त्राच्या अभ्यासकांनी तिची सनद, म्हणजे ती सांगणाऱ्यांची साखळी, कमजोर ठरवली आहे. तरीही आपल्याकडे विमानतळावर, आणि पूर्वी मुंबईच्या बंदरावर, जी गर्दी लोटत असे तिच्यामागे हीच समजूत आहे. लोकांना दारात पोहोचण्याआधी हाजींना गाठायचे असते.

आणखी एक रिवायत नववी यांच्या "अल-अज़कार" या ग्रंथात आहे. हज करून आलेल्या एका मुलाला पैगंबरांनी "क़बिलल्लाहु हज्जक, व ग़फ़र ज़ंबक, व अख़लफ़ नफ़क़तक" असे म्हटल्याचे तीत सांगितले आहे. अल्लाह तुझा हज स्वीकारो, तुझे पाप क्षमा करो आणि तुझा झालेला खर्च भरून देवो, असा त्याचा अर्थ. हिचीही सनद मजबूत मानत नाहीत, पण शब्द फार सुंदर आहेत. विशेषतः खर्चाचा उल्लेख मला नेहमीच भावतो, कारण हजसाठी माणसे आयुष्यभर पैसे साठवतात.

दख्खनी_माणूस

मी हैदराबादचाच आहे, त्यामुळे ताईंच्या सासरची रीत सांगू शकतो. सुरुवात नेहमी सलामने करावी. "हज मुबारक" आधी आणि सलाम नंतर, असे झाले तर घरातली वडीलधारी माणसे टोकतात. तुमचे सासरे बाहेर आले की साधारण असे बोलणे होईल.

तुम्ही: "अस्सलामु अलैकुम अब्बा. हज मुबारक हो. अल्लाह आप का हज क़बूल फ़रमाए."

ते: "व अलैकुमुस्सलाम बेटी. ख़ैर मुबारक. आमीन. अल्लाह तुम को भी अपने घर बुलाए."

तुम्ही: "आमीन. अब्बा, हमारे लिए दुआ कीजिए."

इथे ते बहुधा तिथल्या तिथे दोन ओळींची दुआ करतील किंवा "सब का नाम ले ले के दुआ की" असे सांगतील. त्यांच्या "अल्लाह तुम को भी बुलाए" या वाक्यावर "आमीन" म्हणायला विसरू नका. नवखी माणसे बहुतेक वेळा इथेच चुकतात. आपले वाक्य पाठ करून येतात, समोरच्याने दिलेली दुआ ऐकतात, आणि तिच्यावर "आमीन" न म्हणता थेट "प्रवास कसा झाला, सामान किती आहे" याकडे वळतात. मोठ्या माणसांना ते कोरडे वाटते.

"हज मुबारक" म्हटले तर "ख़ैर मुबारक" आणि "क़बूल फ़रमाए" म्हटले तर "आमीन", अशी ही जोडी असते. दोन्ही वाक्ये एका दमात म्हटली तर वर दिल्याप्रमाणे दोन्ही उत्तरे येतात. थोडे भारदस्त बोलायचे असेल तर "अल्लाह आप की हाज़िरी क़बूल फ़रमाए" असे म्हणावे. यात मक्का आणि मदीना दोन्हीकडची हजेरी येते, म्हणून आमच्याकडे वयस्कर मंडळींना हे वाक्य अधिक पसंत असते.

नाशिकची_ताई

माझ्या आईने गेल्या हिवाळ्यात उमरा केला. ती परतली तेव्हा एका नातेवाइकांनी "हज मुबारक" म्हटले आणि ती बिचारी संकोचून गेली. हज केलेला नसताना ते स्वीकारावे कसे आणि सर्वांसमोर दुरुस्त करावे कसे, हे तिला कळेना. उमऱ्यासाठी वेगळे काही म्हणतात का?

दख्खनी_माणूस

हो. "उमरा मुबारक" किंवा "अल्लाह उमरा क़बूल फ़रमाए" म्हणावे. बाकीची उत्तरे तीच राहतात.

जुनी_वही

अरबीत "उमरा मक़बूला" म्हणतात. "मबरूर" हा शब्द हजशी इतका घट्ट जोडला गेला आहे, की उमऱ्याला तो सहसा लावत नाहीत.

पायवाट यांच्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर देतो. मुस्लिम घरांत हाजीच्या पाया पडत नाहीत, कारण झुकणे केवळ अल्लाहसमोर, ही धारणा पक्की आहे. गळाभेट घेतात, हात हातात घेतात, आणि आपल्याकडे भारतात फुलांचा हारही घालतात. तुमच्या शेजारच्या काकांचा प्रश्न निरोपाचा आहे आणि हा धागा परतीच्या स्वागताचा आहे, तरी एवढे सांगतो, की "अल्लाह सफ़र आसान करे, हमें दुआओं में याद रखिएगा" असे म्हटलेत तर त्यांना फार बरे वाटेल. "हज मुबारक" मात्र निरोपाच्या वेळी म्हणू नका.

आखातवासी

मी महाडचा आहे आणि कुवेतमध्ये नोकरी करतो. आमच्या कार्यालयात हजहून आलेल्या माणसाला "तक़ब्बलल्लाह" एवढेच म्हणतात आणि तो "मिन्ना व मिन्कुम" म्हणतो. मला सुरुवातीला प्रश्न पडला होता, की हज त्याने केला, मग "आमच्याकडून आणि तुमच्याकडूनही स्वीकारो" हे कसे जुळते? एका सुदानी सहकाऱ्याने समजावले, की पुढे "सालिहल आमाल" हे शब्द गृहीत असतात, म्हणजे सर्वांचीच चांगली कामे स्वीकारली जावोत. ताईंनी हे पाठ करून ठेवले तरी कैरोला चालून जाईल, नाही का?

जुनी_वही

चालेल, यात शंका नाही. तरी कैरोच्या घरात काय कानी पडेल ते सांगतो, म्हणजे ताई गोंधळणार नाहीत.

इजिप्तमध्ये "ज"चा उच्चार "ग" होतो. त्यामुळे "हज्ज"चे "हग्ग" होते आणि हज केलेल्या बाईंना "या हाग्गा" अशी हाक मारतात. ही हाक तिथे वयस्कर बायकांना आदराने, हज केलेला नसतानाही, मारली जाते. नणंदेच्या सासूबाईंना तुम्ही बिनदिक्कत तशी हाक मारू शकता.

पहिले वाक्य परतीच्या प्रवासाचे असते: "हम्दिल्ला अस्सलामा, या हाग्गा." सुखरूप आलात, अल्लाहचे आभार, असा त्याचा अर्थ. यावर त्या "अल्ला यिसल्लिमिक" म्हणतील. बाईमाणसाशी बोलताना शेवटी "इक" येतो. तुमच्या पतींनी हेच वाक्य म्हटले तर त्यांना "अल्ला यिसल्लिमक" असे उत्तर मिळेल.

त्यानंतर तुम्ही म्हणावे: "हग्ग मबरूर व ज़ंब मग़फ़ूर." कैरोत मधला "सई मश्कूर" हा तुकडा बोलताना पुष्कळदा गाळतात. त्यावर त्या "उक़्बालिक" म्हणतील, म्हणजे पुढची पाळी तुझी येवो. कैरोकर त्यातला "क़" घशात गिळतात, त्यामुळे तुम्हाला ते "उअबालिक" असे ऐकू येईल. यावर "आमीन" किंवा "इन शा अल्लाह" म्हणावे. ऐकलेला शब्द तसाच उलट म्हणू नका, कारण ज्यांचा हज झालेला आहे त्यांना "पुढची पाळी तुमची" म्हटल्यासारखे होईल.

"तक़ब्बलल्लाहु हज्जिक" हेही त्यांना शोभेल. पुस्तकी अरबीत ते "हज्जकि" असे लिहिलेले दिसते, पण बोलण्यात "इक" होते. पुरुषासाठी छापलेले "हज्जक" पाहून बाईंना तसेच म्हणणे ही आपल्याकडून होणारी नेहमीची चूक आहे.

आणखी एक सांगावेसे वाटते. इजिप्तच्या दक्षिण भागात, लक्सरच्या परिसरात, हाजीच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर काबा आणि प्रवासाला वापरलेले विमान किंवा जहाज यांची चित्रे काढतात आणि शेजारी हेच "हज्ज मबरूर व ज़ंब मग़फ़ूर" रंगवतात. म्हणजे हाजी घरी पोहोचतो तेव्हा भिंतही त्याला तेच म्हणत असते.

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या दोन शंका उरल्या आहेत. खालूंना भेटताना हस्तांदोलन करावे का? आणि माझ्या जाऊबाईंनी अरफातच्या दिवशीच कुटुंबाच्या गटात "हज मुबारक" असा संदेश टाकला होता. मी थांबले, तर मला विसरभोळी ठरवले गेले. नेमके कधी म्हणायचे असते?

दख्खनी_माणूस

सासरे महरम, म्हणजे ज्यांच्याशी लग्न कधीच होऊ शकत नाही असे नातलग, असतात, त्यामुळे त्यांनी डोक्यावर हात ठेवला किंवा जवळ घेतले तरी काही अडचण नाही. खालू मात्र तुमच्यासाठी नामहरम आहेत. छातीवर हात ठेवून सलाम करावा आणि तेच वाक्य म्हणावे. तुमचे पती त्यांची गळाभेट घेतीलच.

संदेशाबाबत आमच्याकडेही हाच प्रकार चालतो. अरफातची संध्याकाळ झाली, की फोन खणखणू लागतात.

जुनी_वही

अरफातचा मुक्काम हा हजचा गाभा आहे, म्हणून लोकांना त्याच दिवशी म्हणावेसे वाटते, आणि त्यात वाईट काही नाही. परंतु त्यानंतर तवाफ़-ए-ज़ियारत, म्हणजे काब्याच्या प्रदक्षिणा, हा रुक्न म्हणजे अनिवार्य भाग बाकी असतो आणि तो झाल्याशिवाय हज पूर्ण होत नाही. म्हणून त्या दिवशी "अल्लाह क़बूल फ़रमाए" म्हणणे मला अधिक योग्य वाटते, आणि "मुबारक" मागाहून. ताई, तुम्ही थांबलात यात काहीच चुकले नाही.

विमानतळावरची एक बारकी गोष्ट सांगतो. हाजी गावाजवळ आले, की त्यांच्या तोंडी स्वतःची एक दुआ असते: "आयिबून, ताइबून, आबिदून, लि रब्बिना हामिदून." परतणारे, पश्चात्ताप करणारे, भक्ती करणारे, आपल्या पालनकर्त्याची स्तुती करणारे असे आम्ही आहोत, हा तिचा अर्थ, आणि ही दुआ बुखारी व मुस्लिममध्ये आहे. सासरे ती पुटपुटत बाहेर येत असतील तर ती पूर्ण होऊ द्यावी आणि मग सलाम करावा. काही जण घरी जाण्याआधी मशिदीत दोन रकअत नमाज पढतात, कारण प्रवासाहून आल्यावर पैगंबरांचा तसा शिरस्ता होता. त्यांना थेट घरी चलण्याचा आग्रह करू नका.

सरळरेघ

एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. परतल्यावर त्यांना "हाजी साहब" आणि सासूबाईंना "हज्जन" म्हणावे का? आमचे इमामसाहेब म्हणतात, की नमाज पढणाऱ्याला कोणी "नमाजी साहब" म्हणत नाही, मग हजचीच पदवी कशाला? यात दिखावा येतो.

दख्खनी_माणूस

मी सहमत नाही. स्वतःच्या नावापुढे "हाजी" लिहून घेणे वेगळे आणि दुसऱ्याने प्रेमाने म्हणणे वेगळे. माझ्या आजीला सगळा मोहल्ला "हज्जन माँ" म्हणत असे आणि त्यात कोणालाही दिखावा दिसला नाही.

आखातवासी

आमच्या वडिलांनी परतल्यावर पहिल्याच दिवशी सर्वांना सांगितले होते, की मला पूर्वीच्याच नावाने हाक मारा. त्यामुळे मला सरळरेघ यांचे म्हणणे पटते.

जुनी_वही

या बाबतीत घराघरांत मतभेद आहेत आणि ते इथे मिटणार नाहीत. ताईंनी पहिल्या भेटीत "अब्बा" आणि "अम्मी" असेच म्हणावे. पुढे इतर नातलग काय म्हणतात आणि त्यावर सासू-सासऱ्यांचा चेहरा कसा होतो, हे पाहून ठरवावे.

वाशिष्ठीकाठ

तसेच करीन. शेवटचे एक विचारते. कैरोला व्हिडिओ कॉल लागला नाही तर ध्वनिसंदेश पाठवावा लागेल. तो एकतर्फी असल्याने हम्दिल्ला, मबरूर, हे सगळे एकापाठोपाठ म्हटले तर चालेल का? आणि त्यांनी "उअबालिक" म्हणून उलट संदेश पाठवला, तर मी "आमीन"साठी पुन्हा वेगळा संदेश पाठवायचा का?

जुनी_वही

एकापाठोपाठ जरूर म्हणा. क्रम मात्र आधी सलाम, मग हम्दिल्ला अस्सलामा, मग हग्ग मबरूर असा ठेवा आणि शेवटी "इदईली, या हाग्गा" एवढे जोडा. माझ्यासाठी दुआ करा, असे तुम्ही म्हटलेत हे त्यांना कळेल. त्यांचा संदेश आला, की "आमीन, या रब्ब" असा छोटासा वेगळा संदेश अवश्य पाठवा. त्या तुमच्या आवाजाची वाट पाहतील, त्यामुळे नुसते चित्र किंवा जोडलेल्या हातांची खूण पाठवू नका.

नाशिकची_ताई

"इदईली" पुरुषाला म्हणताना बदलते का? माझे मेहुणे दुबईला इजिप्तच्या माणसांबरोबर काम करतात, त्यांना सांगायचे आहे.

जुनी_वही

नाही, इजिप्तच्या बोलीत पुरुषालाही "इदईली" असेच म्हणतात. त्यातला "ऐन" हा घशातला वर्ण मात्र देवनागरीत नीट उतरत नाही. मेहुण्यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या तोंडून एकदा ऐकून घ्यावे, हेच बरे.